आठ पॉइंटांचा नियम आणि पांढऱ्या रेघेची जाडी

गडद रंगाच्या पट्ट्यातून पांढरी अक्षरं काढायची असली की छापखान्यात आणि डिझायनरच्या टेबलावर एकच वाक्य ऐकू येतं: ‘रिव्हर्स आहे ना, मग आठ पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि गेलातच तर बोल्ड करा.’ कोणी आठऐवजी सात म्हणतं, कोणी वर्तमानपत्रासाठी दहा सांगतं, पण नियमाचा साचा तोच. अक्षराचा आकार पॉइंटमध्ये धरायचा, वजनाचं नाव मेनूतून निवडायचं आणि निर्धास्त व्हायचं. हा नियम ढोबळ आहे एवढीच तक्रार असती तर लिहायचं कारण नव्हतं. ढोबळ नियमांवरच धंदा चालतो. माझी तक्रार वेगळी आहे. जी गोष्ट मोजायला हवी ती हा नियम मोजतच नाही. त्यामुळे तो पाळूनही अक्षरं बुजतात, आणि तो मोडूनही कित्येकदा सुरेख उठतात.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो अगदीच पोकळ नाही. डिझायनर फाइल करतो तेव्हा काम कोणत्या मशिनवर लागणार, कागद कोणता येणार, हे त्याला बहुधा ठाऊक नसतं. अशा वेळी लक्षात राहील असा एखादा आकडा हाताशी असणं सोयीचं असतं. शिवाय लहान अक्षर मोठ्या अक्षरापेक्षा लवकर बुजतं, हे तर उघड्या डोळ्यांनी दिसतं. कायद्यानंही हीच वाट धरली आहे. पॅकबंद वस्तूंसाठीचे २०११ चे वैध मापन नियम पाकिटावरच्या मजकुराच्या अक्षराची किमान उंची सांगतात, रुंदी उंचीच्या एकतृतीयांशाहून कमी नसावी असंही सांगतात, पार्श्वभूमीशी रंगाचा विरोध ठळक असावा हेही मागतात. अक्षराची रेघ किती जाड हवी याबद्दल मात्र त्यांना काही म्हणायचं नाही. उंची पट्टीनं मोजता येते, निरीक्षकाला दाखवता येते. रेघेसाठी भिंग लागतं. पॉइंटचा नियम टिकून राहिला तो अशा सोयीपोटी.

आता उत्तरपक्ष. पॉइंट हे टाइपाच्या अंगाचं माप आहे. आजच्या हिशेबात एक पॉइंट म्हणजे एका इंचाचा बहात्तरावा भाग, ०.३५ मिलिमीटरला किंचित जास्त. आठ पॉइंट म्हणजे २.८२ मिलिमीटर उंचीची एक अदृश्य चौकट, जिच्यात अक्षर बसवलेलं असतं. शाई या चौकटीला कुठेच शिवत नाही. ती शिवते रेघेच्या काठाला. रिव्हर्समध्ये तर अक्षराची रेघ म्हणजे कोरा कागद, आणि दोन्ही बाजूंनी शाई त्या कोऱ्या कागदावर चढायला टपलेली. तेव्हा जगायचं की बुजायचं ते ठरतं सगळ्यात बारीक रेघेच्या रुंदीवर. आणि ती रुंदी एकाच पॉइंटात दोन टाइपांमध्ये किती वेगळी असते ते पाहण्यासारखं आहे.

अडोबीनं आपल्या मूळ फॉन्टांच्या मोजमापांच्या फाइली कधीच प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांत `StdVW` म्हणजे उभ्या रेघेची नेहमीची जाडी आणि `StdHW` म्हणजे आडव्या रेघेची, अंगाच्या हजाराव्या भागांत दिलेली असते. हेल्व्हेटिका रेग्युलरचे आकडे ८८ आणि ७६. टाइम्स रोमनचे ८४ आणि २८. उभी रेघ दोघांची जवळजवळ सारखी, आडवी मात्र टाइम्सची निम्म्याहूनही बारीक. आठ पॉइंटला गुणून पाहा: हेल्व्हेटिकाची आडवी रेघ ०.२१ मिलिमीटर, टाइम्सची ०.०८. नियमाच्या नजरेत ही दोन्ही अक्षरं एकाच माळेचे मणी आहेत.

‘मग टाइम्स बोल्ड करा,’ हा नियमाचा दुसरा पाय. टाइम्स बोल्डची उभी रेघ १३९, आडवी ४४. म्हणजे बोल्ड केल्यावर जाड रेघ आणखी जाड झाली. जी रेघ मरत होती ती आठ पॉइंटला ०.१२ मिलिमीटरवर पोचली, हेल्व्हेटिका रेग्युलरच्या निम्म्याच्या थोडी वर. ज्या रेघेला मदत नको होती तिलाच बहुतेक मदत मिळाली. वजनाचं नाव हे अक्षराच्या एकूण काळेपणाचं नाव आहे, बारीक रेघेच्या जाडीचं नाही. आपल्याकडे ही गोष्ट जास्तच लागू पडते. निर्णयसागर वळणाच्या अक्षरात जाड-बारीक हेच सौंदर्य आहे. बोल्ड काढताना काने आणि शिरोरेषा फुगतात, वळणाच्या जोडावरची केसासारखी रेघ जवळजवळ होती तिथेच राहते.

रिव्हर्समधली पांढरी रेघ तयार कशी होते ते न पाहता नियम करणं ही मूळ चूक आहे. पट्टा नुसत्या काळ्या शाईचा असेल तर काळ्याच्या प्लेटवर अक्षराच्या आकाराची एक मोकळी जागा असते, बाकी सगळं शाई घेतं. काठ एकाच प्लेटनं आखलेला. त्याला सरकायला दुसरं कोणी नाही. पट्टा चार रंगांच्या मिश्रणाचा असेल तर त्याच अक्षराच्या चार मोकळ्या जागा चार प्लेटवर असतात आणि कागदावर त्या एकमेकींवर नेमक्या बसाव्या लागतात. पांढरा दिसतो तो फक्त चारही मोकळ्या जागांचा सामाईक भाग. एक प्लेट दशांश मिलिमीटर डावीकडे गेली की प्रत्येक उभ्या रेघेच्या उजव्या काठावर त्या रंगाची दशांशभर पट्टी चढते, आणि डाव्या काठाबाहेर त्या रंगाची तेवढीच पट्टी उणी पडते. पांढरं दशांशानं घटलं, वर काठ रंगीत झाला. नीट राखलेल्या शीटफेड मशिनवर दशांशभर चूक ही काही नामुष्की नाही. वर्तमानपत्राच्या रोटरीवर दोन-तीन दशांश रोजचे.

यात दिशाही पाहावी लागते. प्लेट बाजूला सरकली तर उभ्या रेघा मरतात आणि आडव्या वाचतात. कागद पुढे-मागे लागला तर उलट. देवनागरीत शिरोरेषा ही शब्दभर धावणारी आडवी रेघ. पुढे-मागेची चूक झाली की ती अख्खीच्या अख्खी बारीक होते किंवा गुलाबी होते, आणि ओळच्या ओळ मलूल दिसते. बाजूची चूक असेल तर शिरोरेषा ताठ उभी राहते आणि खालच्या अक्षरांचे जोड तुटतात. कुठलं दुखणं आहे हे असं पहिल्या नजरेतच कळतं, बघणाऱ्याला बघायचं असेल तर.

एक काम तपशिलात घेऊ. डेमी आकाराचं पुस्तक, तीनशे जीएसएम आर्ट कार्डाचं मुखपृष्ठ. मलपृष्ठावर मरून पट्टा आणि त्यात दहा पॉइंटांत पांढरा परिचय, पारंपरिक वळणाचं अक्षर. मरून असा बनवला होता: सायन ३०, मजेंटा १००, यलो ७०, ब्लॅक ५० टक्के. अक्षर दहा पॉइंट, म्हणजे नियमापेक्षा दोन पॉइंट मोठंच. अक्षराची आउटलाइन करून पडद्यावर मोजली तर वळणाच्या जोडावरची उभी बारीक रेघ निघते ०.११ मिलिमीटर.

शीट वीस बाय तीस, त्यात चार मुखपृष्ठं: दोन सुलट, दोन उलट, डोक्याला डोकं लावून. मशिन दोन रंगी, म्हणून कार्ड दोनदा मशिनमधून गेलं. आधी ब्लॅक आणि सायन, दुसऱ्या दिवशी मजेंटा आणि यलो. पावसाळा. कागदाच्या तंतूंची दिशा, म्हणजे ग्रेन, वीस इंचांच्या बाजूला होती. कागद ओल धरला की ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो, म्हणजे इथे तीस इंचांच्या दिशेला. ही वाढ डोळ्याला दिसणारी नसते. दोन हजारांत एक भाग धरू. इतकी वाढ पावसाळी हवेत रात्रभर उघड्या राहिलेल्या थप्पीला सहज होते. तीस इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर, वाढ सुमारे ०.३८. मशिनमननं रजिस्टर शीटच्या मध्यावर जुळवलं, जे योग्यच आहे. मग मध्यापासून जितकं बाहेर जावं तितकी चूक वाढत जाते.

उघडलेलं मुखपृष्ठ कण्यासकट पावणेबारा इंचांच्या आसपास रुंद, आणि मलपृष्ठ त्याच्या डाव्या अर्ध्यात. सुलट जोडीतल्या डावीकडच्या प्रतीचं मलपृष्ठ शीटच्या अगदी बाहेरच्या बाजूला येतं, उजवीकडच्या प्रतीचं मध्याला चिकटून. उलट्या जोडीत हे फिरतं: उजवीकडच्या प्रतीचं मलपृष्ठ बाहेर, डावीकडच्याचं मध्याजवळ. बाहेरच्या मलपृष्ठाचा मधला भाग शीटच्या मध्यापासून सुमारे २२७ मिलिमीटर दूर, म्हणून चूक ०.११. आतल्याचा ७० मिलिमीटर दूर, चूक ०.०३५. आता ०.११ मिलिमीटरच्या रेघेतून ०.११ वजा करा. बाहेरच्या दोन मलपृष्ठांवर बारीक रेघ उरलीच नाही. आतल्या दोनांवर रोडावलेली का होईना, राहिली. एकाच आवृत्तीतल्या निम्म्या प्रती वाचता येतात आणि निम्म्या येत नाहीत, असा जो चमत्कार कधीकधी दिसतो, त्याचा उगम हा असतो.

पुढे गंमत अशी, की कापलेल्या प्रती हातात घेऊन हे कळत नाही. ब्लॅक आधी छापला गेला आणि मग कागद वाढला, म्हणून ब्लॅकची आकृती बाहेर सरकलेली आणि मजेंटाची आत राहिलेली. बाहेरच्या प्रतीत प्रत्येक पांढऱ्या रेघेला शीटच्या कडेकडे लालसर किनार आणि मध्याकडे करडी, काळपट किनार. शीटवर पाहिलं तर डाव्या प्रतीत लाल डावीकडे आणि उजव्या प्रतीत लाल उजवीकडे. पण उजवी प्रत उलटी लागलेली आहे. ती कापून सुलट धरली की तिथेही लाल किनार डावीकडेच. दोन्ही खराब प्रती शेजारी ठेवल्या तर कोणीही म्हणेल, ‘ब्लॅकची प्लेट डावीकडे गेलीय, उजवीकडे घ्या.’ तसं घेतलं तर एका बाजूची प्रत सुधारते आणि दुसरीची चूक दुप्पट होते. म्हणून दहापट भिंग घेऊन न कापलेल्या शीटच्या दोन्ही टोकांना पाहावं. दोन्ही टोकांना लाल किनार एकाच बाजूला असेल तर प्लेट सरकली आहे, आणि मशिनमन ते दुरुस्त करू शकतो. विरुद्ध बाजूंना असेल तर कागद वाढला आहे, तिथे मशिनमनवर ओरडून उपयोग नाही. आणि किनार कुठल्याच रंगाची नसून रेघ चहूबाजूंनी सारखी रोडावली असेल, तर रजिस्टर ठीक आहे, शाई जास्त सोडली आहे.

या कामात ग्रेन तीस इंचांच्या बाजूला असता तर वाढ सिलिंडरच्या फेऱ्याच्या दिशेला गेली असती, आणि ती प्लेटखालचं पॅकिंग बदलून बरीचशी भरून काढता येते. रुंदीतली वाढ तशी भरून निघत नाही. छापखान्यात ग्रेन सिलिंडरला समांतर ठेवा म्हणतात ते याचसाठी. कार्ड मागवताना ही एक ओळ लिहिलेली नसली, की डिझायनरचे आठ किंवा दहा पॉइंट काहीही वाचवू शकत नाहीत.

‘हे सगळं जुन्या मशिनचं रडगाणं झालं,’ असा एक आक्षेप हमखास येतो. ‘आता सीटीपी आहे, फिल्म कापून चिकटवायची नाही, प्लेट अचूक येते.’ प्लेट अचूक येते हे खरं. फिल्मच्या जोडणीत होणारी चूक सीटीपीनं संपवली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. पण वर सांगितलेल्या कामात चारही प्लेट अचूकच होत्या. सरकला तो कागद, आणि त्याला प्लेट कशावर बनवली याचा पत्ता नसतो.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: ट्रॅपिंग आहेच की. ट्रॅपिंग म्हणजे शेजारच्या दोन रंगांना एकमेकांवर थोडं चढवणं, म्हणजे चूक झाली तरी मधे पांढरी फट दिसत नाही. पण रिव्हर्समध्ये पांढरा हा रंगच नाही, चढवायचं कोणाला? इथे एकच उपाय चालतो, आणि तो उलट्या दिशेचा आहे. पट्टा भरगच्च काळा असेल, म्हणजे काळ्या सॉलिडखाली सायन, मजेंटा, यलोही असतील, तर त्या तीन रंगांना अक्षराच्या काठापासून मागे ओढायचं. काठ फक्त ब्लॅक आखतो, बाकीचे त्याच्या मागे दडून राहतात. इनडिझाइनच्या ट्रॅपिंगमध्ये ब्लॅकसाठी वेगळी रुंदी असते आणि ती मुळातच अर्धा पॉइंट ठेवलेली आहे, म्हणजे ०.१८ मिलिमीटर. बाकीच्या रंगांसाठी ती पाव पॉइंट. बाकीचे रंग ०.१८ पर्यंत सरकले तरी पांढऱ्या रेघेला धक्का लागत नाही. बहुतेक कामांना एवढं पुरतं.

हा उपाय मरूनला मात्र लागू पडत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. ब्लॅक एकटा पुरेसा गडद असतो, म्हणून काठाशी तो एकटा राहिला तरी डोळ्याला खटकत नाही. आपल्या मरूनमध्ये सॉलिड असलेला एकच रंग आहे, मजेंटा. बाकीचे मागे ओढले तर प्रत्येक अक्षराभोवती ०.१८ मिलिमीटरची भडक गुलाबी-जांभळी कड येईल, आणि दहा पॉइंटांत अक्षरांमधल्या जागा इतक्या अरुंद असतात की मरूनऐवजी तिथे सगळी मजेंटाच दिसेल. शिवाय उरलेले तीन रंग टिंट आहेत. दीडशे लाइनच्या स्क्रीनमध्ये टिंटचे ठिपके ०.१७ मिलिमीटर अंतरानं बसतात; त्या ठिपक्यांनी ०.११ मिलिमीटरच्या रेघेचा काठ आखायचा म्हणजे काठ तुटकच येणार, रजिस्टर कितीही चोख असलं तरी. काठ स्वच्छ आखते ती फक्त सॉलिड शाई. म्हणून डिझायनरनं पहिला प्रश्न अक्षराच्या आकाराचा विचारू नये. या पट्ट्याचा काठ किती प्लेट आखणार आहेत आणि त्यांतल्या सॉलिड किती, हा विचारावा.

आता मंडन. सुरक्षित जाडी म्हणजे काय याचा हिशेब तीन भागांचा आहे आणि तो पाठ करायला आठ पॉइंटांपेक्षा फारसा अवघड नाही. पहिला भाग, काठ आखणाऱ्या प्लेटमधली जास्तीत जास्त चूक. दुसरा, शाईचा फुगवटा: ब्लँकेट आणि कागदाच्या दाबाखाली शाई काठाबाहेर पसरते, आर्ट पेपरवर दोन्ही काठ मिळून दोन-तीन शतांश मिलिमीटर धरा, वर्तमानपत्राच्या कागदावर त्याच्या दुप्पट. तिसरा, डोळ्याला रेघ म्हणून दिसायला उरायला हवं तेवढं पांढरं. निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाचा तपशील वेगळा ओळखतो. पस्तीस सेंटीमीटरवरून वाचताना ते सुमारे ०.१ मिलिमीटर होतं. तिन्हींची बेरीज म्हणजे सगळ्यात बारीक रेघेची किमान जाडी.

एकाच सॉलिड शाईचा पट्टा असेल तर पहिला भाग शून्य; बेरीज ०.१३ मिलिमीटर. चांगल्या चार रंगी मशिनवर, चार प्लेटच्या काठासाठी, ०.२३. आपल्या दोनदा काढलेल्या कामात ०.२४. वर्तमानपत्राच्या रोटरीवर चार रंगांत ०.४ च्या आसपास. आता हेच आकडे पुन्हा टाइपात बदलून पाहा. हेल्व्हेटिका रेग्युलर एका शाईत पाच पॉइंटलाही सुरक्षित आहे, चार रंगांत तिला साडेआठ-नऊ पॉइंट लागतात. टाइम्स रोमनला एका शाईत तेरा पॉइंट लागतात, चार रंगांत तेवीस. म्हणजे ‘आठ पॉइंट’ हा आकडा एके ठिकाणी विनाकारण मोठा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ तिपटीनं अपुरा. तो खरा ठरतो तो एका विशिष्ट कोपऱ्यात: साधी, जवळपास एकसारख्या जाडीची रोमन अक्षरं आणि चांगलं मशिन. तिथला आकडा उचलून सगळ्या लिप्यांना आणि सगळ्या कागदांना लावला गेला.

देवनागरीला तो लावताना आणखी एक घोळ होतो. वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा द्यायची म्हणून त्याच पॉइंटात देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान काढलेलं असतं, आणि अक्षर लहान म्हणजे रेघही बारीक. त्यात जोडाक्षरं. ‘राष्ट्र’ मधल्या ‘ष्ट्र’ मध्ये किती रेघा किती उंचीत कोंबलेल्या असतात ते पाहिलं की लक्षात येईल, फॉन्टचा आकडा ‘क’ किंवा ‘म’ मोजून काढू नये. सगळ्यात गर्दीचं जोडाक्षर, ऱ्य, रफार आणि अनुस्वार मोजावा. वर्तमानपत्राच्या जाहिरातीत रिव्हर्समधला अनुस्वार बुजला की ‘दंगा’चा ‘दगा’ होतो, आणि मुद्रितशोधकानं तर तो नीट तपासून दिलेला असतो.

अक्षर जाड करण्यालाही एक वरची मर्यादा आहे, ती नियमवाल्यांच्या गावीही नसते. रिव्हर्समध्ये ‘ध’, ‘श’, ‘ख’ यांच्या पोटातल्या जागा म्हणजे शाईची छोटी बेटं. अक्षर जाड केलं की ही बेटं अरुंद होतात. एका शाईत त्याचं काही बिघडत नाही, उलट शाईचा फुगवटा बेटांना मदतच करतो. चार रंगांत मात्र दशांश मिलिमीटरचं बेट दशांशभर चुकीनं फुटून चार रंगांच्या चार सळ्या होतात; गडद मरून जाऊन तिथे फिकट गुलाबी-निळसर काहीतरी येतं आणि पांढऱ्या रेघांमधला विरोध संपतो. ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक अशा बेटांवरच उभा असतो. म्हणून बारीक रेघेला जो किमान आकडा लावायचा, तोच पोटातल्या सगळ्यात अरुंद जागेलाही लावावा. अतिबोल्ड अक्षर या दुसऱ्या कसोटीत नापास होतं. पास होतं ते मधल्या वजनाचं, मोकळ्या पोटाचं, जाड-बारीक कमी असलेलं अक्षर. मुंबईच्या एक टाइपचं ‘मुक्त’ या कामाला चांगलं, आणि त्यातही मीडियम किंवा सेमीबोल्ड. रोमनमध्ये अक्षरांमधली जागा थोडी वाढवून बेटांना श्वास देता येतो. देवनागरीत ती वाढवली की शिरोरेषा तुटते, म्हणून तो मार्ग आपल्याला जवळजवळ बंद आहे.

हलक्या वजनाची हौस येते ती पडद्यावरून. काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर प्रकाशामुळे आहे त्याहून जाड भासतं, म्हणून डिझायनर ते लाइट करतो, आणि पडद्यापुरतं ते बरोबरही आहे. छपाईत पांढरं प्रकाशत नाही, त्याच्यावर शाई चढते. एकाच अक्षराला दोन माध्यमांत विरुद्ध दिशेनं बदलावं लागतं. पडद्यावरचं ‘मुक्त लाइट’ पीडीएफमध्ये तसंच गेलं की पुढचं ठरलेलं.

मरून पट्ट्याच्या कामाचं काय करायचं? मूळचं अक्षर दहा पॉइंटला ०.११ मिलिमीटरचं, म्हणजे अंगाच्या हजारात एकतीस भाग. चार प्लेटच्या काठाला ०.२४ हवे, म्हणजे हजारात अडुसष्ट. हे अक्षर तिथे कधीच पोचणार नाही, बोल्ड करूनही नाही. दोन वाटा उरतात. अक्षर बदलायचं आणि प्रक्रिया तीच ठेवायची. किंवा अक्षर ठेवायचं आणि मरून ही स्वतंत्र मिसळलेली शाई करून एका प्लेटवर सॉलिड घ्यायची. दुसऱ्या वाटेनं गेलं तर किमान ०.१३ होते, आणि हेच अक्षर बारा पॉइंटला नेमकं तिथे पोचतं. एका जादा प्लेटचा आणि मशिनच्या एका फेरीचा खर्च येतो. मलपृष्ठाचा मजकूर बारा पॉइंटला बसवायला चार ओळी कापाव्या लागतील. मलपृष्ठांवरच्या बहुतेक मजकुरातून तेवढ्या कापता येतात.

शेवटचा आक्षेप अनुभवी माणसाचा असतो, म्हणून त्याला उत्तर दिलंच पाहिजे: ‘दहा पॉइंटांतलं टाइम्स रिव्हर्स मासिकांत रोज छापलं जातं आणि लोक वाचतात. तुमचे तेवीस पॉइंट कुठून आणायचे?’ खरं आहे. माझा आकडा हमीचा आहे. चूक प्रत्येक शीटवर दशांशाची नसते. अनेक शीटवर ती दोन-तीन शतांशच असते. शिवाय टाइम्सच्या बारीक रेघा आखूड असतात, आणि ओळखीच्या शब्दात डोळा त्या आपणच भरून घेतो. पण जिथे डोळ्याला भरून घेता येत नाही, म्हणजे औषधाच्या वेष्टनावर, फोन नंबरात, पत्त्यात, लग्नपत्रिकेतल्या आडनावात, तिथे हमीचाच आकडा धरावा लागतो. आणि मासिकाचा छापखाना चांगला असेल तर त्याला दोन गोष्टी आधीच विचारता येतात: काठ आखणाऱ्या प्लेट किती, आणि तुमच्याकडे शीटच्या कडेला चूक किती येते. दुसऱ्या प्रश्नाला जो ‘आमच्याकडे येतच नाही’ म्हणतो, त्याच्याकडून न कापलेली एक शीट मागून घ्यावी, आणि भिंग आपलं न्यावं.